सरांवर लिहायचंय, पण खरं किती लिहू?

“आमच्या कबड्डीच्या सरांची यंदा पंचाहत्तरी. मंडळ स्मरणिका काढतंय, मला लेख मागितलाय. सर फार कडक होते. तेव्हा त्यांचा राग यायचा. आज नोकरी, घर, शिस्त, सगळं त्यांच्यामुळेच मिळालं असं वाटतं. तरी लिहायला बसले की हात अडतो. चांगलं लिहिलं तर खोटं वाटतं, वाईट लिहिलं तर कृतघ्न. काय करू?”

नीलमताई देवगड तालुक्यातल्या. (नावं आणि काही तपशील बदलले आहेत. त्यांची आणि पुढे येणाऱ्या मैत्रिणीची परवानगी घेऊनच लिहिते आहे.) शाळेच्या संघातून जिल्हा स्पर्धा, पुढे राज्य, आणि मग खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी. पहिल्या भेटीला येताना त्या दीड पानांचा मसुदा घेऊनच आल्या होत्या. त्यात सर फणसासारखे होते, वरून काटेरी आणि आत गोड. कोकणात कडक माणसावर लिहायला बसलं की फणस काही सुटत नाही!

मसुदा वाईट नव्हता. पण त्यात एक वाक्य होतं: “सड्यावरच्या मैदानात घामाने निथळणाऱ्या त्या मुली आणि शिट्टी घेऊन उभे असलेले सर डोळ्यांसमोर येतात.” मी विचारलं, “त्या मुलींमध्ये तुम्ही कुठे आहात?” त्या म्हणाल्या, “तिसरी. दोन वेण्या.” म्हणजे त्यांना त्या आठवणीत त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता. मैदानावर उभ्या असलेल्या मुलीला स्वतःचा चेहरा कसा दिसेल?

आठवणी अशा दोन तऱ्हेच्या असतात. काही आपण आपल्याच डोळ्यांतून पाहतो, काहींत आपण बाहेर उभं राहून स्वतःला पाहतो. नायग्रो आणि नाइसर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली हा फरक नीट मांडला. जुन्या आठवणी बऱ्याचदा बाहेरून दिसायला लागतात, आणि बाहेरून पाहिलं की भावनेची धार कमी होते. जगायला ते सोयीचंच आहे. पण शिक्षक-प्रशिक्षकांवरचे लेख एकसारखे का वाटतात, त्याचंही बरंचसं उत्तर यात आहे. लिहिणारी व्यक्ती प्रेक्षकांत जाऊन बसलेली असते. तिथून सरांची शिस्त छान दिसते, मुलींची तहान दिसत नाही.

म्हणून मी स्मरणिकेचा लेख बाजूला ठेवायला सांगितला आणि वेगळंच लिहायला दिलं. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, हाताने, एकटीने. कुणाला दाखवायचं नाही, मलासुद्धा नाही. शुद्धलेखन बघायचं नाही. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही लिहायचं. ही रीत माझी नाही. पेनेबेकर आणि बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगातून ती आली. माझी भर एवढीच, की रोज सरावाचा एकच प्रसंग घ्यायचा, तो आतून बघायचा, आणि आज जे कळतं ते त्यात घालायचं नाही. “आता समजतं की सर बरोबर होते” असं वाक्य आलं की तिथेच थांबून परत मैदानावर जायचं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. असं लिहिल्यावर लगेच हलकं वाटत नाही, उलट त्या दिवशी मन जड होतं. त्या मूळ प्रयोगातही लिहिल्यानंतर लगेच मुलांची मनःस्थिती खालावलेली होती. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत. पण जड होणं वेगळं आणि रुतणं वेगळं. चारही दिवस तेच वाक्य त्याच शब्दांत येत असेल, झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल, तर लिहिणं बंद करायचं आणि भेटायला यायचं. लैंगिक छळाची किंवा जिवावर बेतलेल्या मारहाणीची आठवण असेल तर ही वही एकटीने उघडूच नये. अशी माणसं आली की मी या रीतीने सुरुवातच करत नाही.

नीलमताई आठवड्याने आल्या आणि वही न उघडता बोलल्या. पहिले दोन दिवस नखांचे निघाले होते.

सरावाआधी सर मुलींना ओळीत उभं करायचे आणि स्वतःचा हात पुढे करायचे. प्रत्येकीने आपली बोटं त्यांच्या मनगटाच्या वर ओढायची. पांढरा ओरखडा उठला की ती मुलगी घरी. नखं कापून, दोन वाड्या ओलांडून परत यायचं, आणि आल्यावर उशीर झाला म्हणून मैदानाला पाच फेऱ्या. चौदा वर्षांच्या मुलीला हा निव्वळ छळ वाटायचा. तिने त्यावर रागाने पानं भरली. पुढे एका जिल्हा सामन्यात चढाईत असताना समोरच्या मुलीचं नख त्यांना डोळ्याखाली लागलं. तो व्रण आजही आहे. कबड्डीच्या नियमात नखं बारीक कापलेली हवीत, असं स्पष्ट आहे. पंच ढिलाई करत, सर करत नसत. इथे वर्षांनंतर शिस्तीचा रंग बदलला, तो खरोखर बदलला. कारण तेव्हा माहीत नसलेली एक गोष्ट नंतर कळली.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं. मैदानाच्या कडेला आंब्याखाली माठ असायचा, त्यावर पेला पालथा. सराव संपेपर्यंत, म्हणजे दीडेक तास, तो पेला सरळ करायचा नाही. पाणी पिऊन दम टिकत नाही, असं सर म्हणत. त्यांना त्यांच्या गुरूंनी तसंच शिकवलं होतं, आणि त्या पिढीतले पुष्कळ प्रशिक्षक हेच मानत. मसुद्यात नीलमताईंनी याला ‘सहनशक्तीचे धडे’ म्हटलं होतं. वहीत वेगळंच उतरलं: जीभ टाळूला चिकटलेली, “कबड्डी कबड्डी” म्हणताना शब्द तुटतोय, आणि नजर सारखी त्या पेल्याकडे.

इथे मी त्यांना विचारलं की नखांसारखी या बाबतीत नंतर कुठली नवी गोष्ट कळली? कळली ती उलट दिशेची. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, आणि अशा वेळी पाणी रोखणं धोक्याचं. त्यांच्या लेकीच्या शिबिरात दर थोड्या वेळाने पाण्यासाठी थांबवतात. म्हणजे वर्षं गेल्यावर एक कडकपणा उजळला आणि दुसरा काळवंडला. माणूस एकच. ‘कडक’ म्हणून आपण एकाच गाठोड्यात बांधतो त्यात नियम असतो, तो लावायची तऱ्हा असते, आणि तोंडचे शब्द असतात. हात अडतो तो बहुधा ते गाठोडं सगळंच्या सगळं उचलायला गेल्यामुळे.

“त्या काळी असंच चालायचं हो,” त्या म्हणाल्या. खरं आहे. आज शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे. तेव्हा तसा कायदा नव्हता. सर तसे का वागले ते काळाकडे बघून समजतं. समोरच्या मुलीचं काय झालं ते मात्र समजत नाही.

मग मी नेहमी विचारते तो प्रश्न विचारला: संघातली कोण या लेखात नाही? बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “केतकी.” केतकी एका दुपारी सरावात चक्कर येऊन पडली, ओकली. सर म्हणाले, नाटकं करते. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. चांगली पकड करायची, नीलमताईंपेक्षाही चांगली. स्मरणिकेसाठी तिला कुणी लेख मागितला नव्हता. मागणार तरी कसा? सत्काराला टिकलेल्यांनाच बोलावतात. त्यामुळे “सरांच्या कडकपणामुळे आम्ही घडलो” हे वाक्य लिहिणाऱ्याला पूर्ण खरं वाटतं, कारण जे त्या कडकपणामुळे मैदान सोडून गेले ते लिहायला हजरच नसतात. शिवाय नीलमताईंचे वडील रोज पहाटे त्यांच्याबरोबर धावायचे, हे मसुद्यात एका ओळीतही नव्हतं.

त्यांनी केतकीला फोन केला, तो माझ्या सांगण्यावरून नव्हे. केतकीला पाण्याचं फारसं काही वाटत नव्हतं. तिला आठवत होतं ते सरांचं वाक्य, सगळ्यांदेखत म्हटलेलं: “बापाशीसारखीच आडवी झाली.” तिचे वडील दारू प्यायचे, आणि वाडीला ते माहीत होतं. नीलमताई त्याच ओळीत उभ्या होत्या, पण त्यांच्या आठवणीत हे वाक्यच नव्हतं. शेवटी केतकी म्हणाली, “तू लिव गो. माका त्यात घालू नको.”

त्यामुळे लेखाची एक हद्द आपोआप ठरली. केतकीचं दुःख तिचं आहे. ते वापरून सरांवरचा लेख ‘धीट’ करायचा नाही. बाकीचं आम्ही दोन भेटींत ठरवलं. प्रसंग दोनच, नखं आणि पाणी, दोन्ही आतून. प्रत्येकाच्या शेवटी आज काय कळतं ते वेगळ्या परिच्छेदात, म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी चाळीशीचं शहाणपण जाणार नाही. सरांच्या मनात काय होतं याबद्दल एक अक्षर नाही. ‘आतून गोड’ हेही त्यातच आलं, म्हणून फणस गेला. आणि समितीकडे देण्याआधीच ठरवून टाकायचं की काय वगळलं तर चालेल आणि काय नाही. छापायची घाई सुरू झाली की हा निर्णय नीट होत नाही.

समितीचा फोन आलाच. नखांचं फारच छान आहे, पाण्याचं काढूया का, सत्काराचा अंक आहे. नीलमताईंनी लेख परत घेतला आणि दोन ओळींच्या शुभेच्छा व संघाचा जुना फोटो दिला. मला हा निर्णय पटला. अर्धा लेख छापला असता तर तो पुन्हा पहिला मसुदाच झाला असता, फक्त जरा चांगल्या भाषेत.

सत्काराला त्या गेल्या, सरांच्या पाया पडल्या, मनापासून. सरांनी विचारलं, “तुझा लेख नाही दिसला?” त्या म्हणाल्या, “लांबला, सर.” पुढच्या भेटीत त्यांनी मला विचारलं, हे खोटं बोलणं झालं का. मी म्हटलं, त्याआधी हे ठरवा की लेख सरांना वाचायला द्यायचाय का. सर पंचाहत्तर वर्षांचे आहेत, ठणठणीत आहेत, आणि विचारलं आहे त्यांनीच. नीलमताईंचं अजून ठरलेलं नाही.