ऑस्टिओसार्कोमात आधी केमो, मग ऑपरेशन असं का?

प्रश्न: माझ्या १४ वर्षांच्या भाच्याला मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, ऑस्टिओसार्कोमा निघालाय. छातीचा सीटी स्कॅन स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणतात आधी १० आठवडे केमो, मग पाय वाचवून ऑपरेशन, मग पुन्हा केमो. एवढे दिवस गाठ आत का ठेवायची? आणि पाय वाचवण्याच्या नादात कॅन्सर मागे राहिला तर?

उत्तर: या आजारात जिवाला धोका असतो तो मुख्यतः फुप्फुसांमुळे. केमो नव्हती त्या काळात पाय वरून कापून टाकला तरी १० पैकी साधारण ८ मुलांना पुढे फुप्फुसात कॅन्सर उद्भवायचा. याचा अर्थ निदानाच्या वेळीच काही पेशी तिथे पोचलेल्या असतात, फक्त सीटीत दिसण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसतात. सीटी स्वच्छ असूनही केमो लागते ती त्यांच्यासाठी. ऑपरेशन आधी की केमो आधी, याची तुलनाही झालेली आहे आणि जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हा थांबण्यात काही गमावत नाही. मिळतं ते असं, की गाठीची कड घट्ट होते, मापाचा कृत्रिम सांधा तयार करायला वेळ मिळतो आणि औषध किती लागू पडलं ते काढलेल्या हाडावर तपासता येतं.

नेहमीच्या क्रमात पहिल्या आणि सहाव्या आठवड्यात डॉक्सोरुबिसिन व सिस्प्लॅटिन, तर चौथ्या, पाचव्या, नवव्या आणि दहाव्या आठवड्यात मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट देतात. मेथोट्रेक्सेटचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२ ग्रॅम. भाच्याचा पृष्ठभाग १.५ चौरस मीटर धरला तर १८ ग्रॅम होतात. एरवी हा डोस जीवघेणा ठरेल, म्हणून औषध सुरू केल्यापासून २४ तासांनी ल्युकोव्होरिन हा उतारा सुरू करतात आणि रक्तातली पातळी ०.१ मायक्रोमोलच्या खाली येईपर्यंत थांबवत नाहीत. सोबत भरपूर सलाइन आणि लघवी अल्कधर्मी ठेवणारं औषध असतं, नाहीतर मेथोट्रेक्सेटचे खडे मूत्रपिंडात साचतात. त्या दिवसांत आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं, को-ट्रायमॉक्साझोल किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता अजिबात देऊ नका. त्यांच्यामुळे औषध शरीरातून बाहेर पडायला उशीर होतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. १० आठवड्यांनी एमआरआयमध्ये गाठ फारशी लहान दिसली नाही तर हबकून जाऊ नका. ही गाठ हाड तयार करते; आतल्या पेशी मेल्या तरी ते हाड तिथेच राहतं. दुखणं आणि भोवतालची सूज कमी होणं ही बरी खूण. उलट गाठ वाढत असेल, दुखणं बळावत असेल किंवा हाड मोडलं, तर सर्जनना लगेच कळवा.

आता पाय वाचवण्याबद्दल. सर्जन गाठ उघडून खरवडत नाहीत, भोवतालच्या निरोगी स्नायूंच्या थरासकट अख्खा तुकडा बाहेर काढतात. समजा, एमआरआयमध्ये गाठ सांध्यापासून १२ सेंटिमीटर वर गेलेली दिसते. मग हाड १४ ते १५ सेंटिमीटरवर कापतात, म्हणजे २-३ सेंटिमीटर निरोगी हाड सोबत जातं. त्यासाठी सबंध मांडीच्या हाडाचा एमआरआय हवा, कारण वर दूर कुठे सुटी छोटी गाठ असू शकते. बायोप्सीची वाटही त्याच तुकड्याबरोबर काढायची असते. म्हणूनच बायोप्सीची जागा ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवावी. भलत्या ठिकाणाहून केलेल्या बायोप्सीमुळे वाचू शकणारा पाय गमवावा लागतो. गुडघ्यामागच्या मुख्य नसा आणि रक्तवाहिन्या गाठीत गुरफटल्या असतील तर मात्र पाय वाचवण्याचा हट्ट धरू नये. कॅन्सर मागे राहतो तो अशा वेळी.

काढलेलं हाड पॅथॉलॉजिस्ट चिरून किती टक्के पेशी मेल्या ते मोजतात. ९० टक्के किंवा जास्त असेल तर प्रतिसाद चांगला. कमी निघाला तरी उरलेली केमो बहुतेक तीच ठेवतात. कमी प्रतिसाद असलेल्यांना आणखी दोन औषधं वाढवून पाहिली होती. त्रास वाढला, फायदा झाला नाही.

ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त जपायची ती जखम. पुढची केमो साधारण ३ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते, आणि जखम चिघळली की तीच लांबते. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि आत मोठा धातूचा सांधा असतो, त्यामुळे तिथे जंतू बसले तर सांधा पुन्हा काढावा लागू शकतो. टाक्यांतून पाणी येणं किंवा भोवती लाली यांकडे दुर्लक्ष करू नका. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन वाट न बघता, रात्र असली तरी, थेट हॉस्पिटल गाठा.

केमो सुरू होण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: हृदयाचा इको आणि कानांची तपासणी झाली का, आणि वीर्य साठवून ठेवता येईल का. १४ व्या वर्षी ते बऱ्याचदा शक्य असतं, पण पहिल्या डोसनंतर उशीर झालेला असतो.