मीटर मागे घेतलेली आणि अपघातातून उभी केलेली गाडी कशी ओळखावी?

प्रश्न: थेट मालकाकडून २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक घेतोय. मीटरवर ४१ हजार किमी आहे, मालक म्हणतात एकही अपघात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत का, हे मला स्वतःला कसं तपासता येईल?

आकड्यासाठी मीटरकडे बघत बसू नका. हल्ली किलोमीटर मेमरीत साठवलेले असतात आणि लॅपटॉप जोडून बदलता येतात. मीटरवर त्याची कसलीही खूण राहत नाही. गाडीचं खरं रनिंग इतर भाग सांगतात, आणि त्यात मी सगळ्यात आधी टायर वाचतो.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ही ओळ काही वेळा टायरच्या आतल्या बाजूला येते, तेव्हा वाकून बघावं लागतं. स्टेपनीसकट पाचही टायर वाचा.

एका ओळखीच्यांसाठी मी अशीच २०१८ ची गाडी २०२४ मध्ये बघितली होती. मीटरही जवळपास तुमच्याइतकाच, ४१ हजार. स्टेपनी २०१८ ची, म्हणजे कंपनीतून आलेली, पण चारही टायरांवर ३१२०. म्हणजे ते २०२० च्या ऑगस्टच्या आसपास बनलेले. साध्या वापरात टायर साधारण ४० हजार किमी चालतात. म्हणजे मीटर खरा मानला, तर पहिला सेट जेमतेम आत्ता संपायला हवा होता. एखादा टायर कट लागून आधी बदलला जातो, पण चारही एकदम सहसा बदलत नाहीत. बरं, काही कारणाने लवकर बदलले असंही धरू, तरी दुसऱ्या सेटवर फारसं रनिंग नसायला हवं होतं. प्रत्यक्षात तो सेटही खाचांमधल्या झिजेच्या खुणेपर्यंत आला होता. एका गाडीने दोन सेट खाल्ले म्हणजे रनिंग ७५-८० हजारांच्या घरात.

मग मालकांना सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. ही नोंद परक्या माणसाला सहसा देत नाहीत, म्हणून मालक बरोबर हवेतच. नोव्हेंबर २०२१ च्या सर्व्हिसला ५८ हजार किमी लिहिलेले निघाले. वॉरंटी संपल्यावर बरेच लोक बाहेरच्या गॅरेजला जातात आणि कंपनीची नोंद तिथेच थांबते, पण शेवटच्या नोंदीपेक्षा आजचा आकडा कमी असूच शकत नाही. मालक सर्व्हिस सेंटरला यायचंच टाळत असतील, तर मी तो व्यवहार सोडतो.

आता अपघात. दरवाजा किंवा बंपर रंगवलेला दिसला म्हणून घाबरू नका. शहरात चालणारी गाडी घासतेच. खरा प्रश्न पत्र्याच्या आतला सांगाडा वाकला होता का, हा आहे.

बॉनेट उघडा आणि फेंडरचे बोल्ट बघा. कंपनीत बोल्टांवरही बॉडीचाच रंग बसतो. त्यांच्या कडांचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय, फेंडर निघालाय. तेवढ्यावर थांबू नका, फेंडर का काढला ते शोधा. त्याच्या आत एप्रन, म्हणजे इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा, आणि चासीचे पुढचे हात दिसतात. कंपनीचे स्पॉट वेल्ड म्हणजे ठरावीक अंतरावरचे छोटे गोल खळगे. हाताने केलेल्या वेल्डिंगचे गोळे राहतात किंवा ग्राइंडरच्या रेघा. नजर सरावलेली नसली तरी एक युक्ती चालते: डावी बाजू उजवीशी ताडून बघा. सांध्यावरचं सीलर, वेल्डची ठिकाणं, पत्र्याच्या घड्या दोन्हीकडे सारख्या हव्यात. मागून बसलेल्या धडकेसाठी डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्याचा पत्रा बघा. बाहेरून गाडी चकाचक केलेली असते, पण या खड्ड्यातल्या सुरकुत्या पूर्ण काढायचे कष्ट डेंटिंगवाले क्वचितच घेतात.

शेवटी इन्शुरन्सची पॉलिसी मागा आणि त्यातला नो क्लेम बोनस वाचा. क्लेम नसेल तर तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के असा चढतो. क्लेम घेतला की सहसा शून्यावर येतो. सहा वर्षांच्या, एकाच मालकाच्या, अखंड पूर्ण विमा असलेल्या गाडीवर २० टक्केच दिसले, तर अलीकडे क्लेम झालाय. नुसती काच फुटल्याचाही असू शकतो, म्हणून क्लेमचं बिल दाखवा म्हणा. त्यात बदललेल्या भागांची यादी असते. पॉलिसी ९० दिवसांहून जास्त खंडित झाली तरी बोनस जातो, तेव्हा आधीच्या पॉलिसीच्या तारखाही बघा. उलट ५० टक्के दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. बोनस मालकाच्या नावावर असतो, जुन्या गाडीवरून आणलेला असू शकतो, आणि खिशातून केलेली दुरुस्ती पॉलिसीत येतच नाही. तिथे पुन्हा डिकीतला तो खड्डा आणि एप्रनच बघावा लागतो.