९ मेच्या भाषणाबद्दल

अरे, कर्मवीर अण्णांच्या पुण्यतिथीला बोलायचंय ना, मग १९१९ ला काल्यात रयतची स्थापना वगैरे सगळं सूत्रसंचालक आधीच सांगून टाकतो, तू त्यात अडकू नकोस. दोनच प्रसंग घे. आधी छोटा, कोल्हापुरात अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क होस्टेलच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर 'विटाळ झाला, अंघोळ कर' म्हटलं तर त्यांनी साफ नकार दिला आणि जैन बोर्डिंग सोडावं लागलं. मग वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा, बोर्डिंगात पोरांना खायला नव्हतं तेव्हा मंगळसूत्रही दिलं त्यांनी. इथे 'केवढा हा त्याग' म्हणू नकोस, लोक लगेच मोबाईल काढतात (मी एकदा म्हणून बसलोय), मंगळसूत्र म्हणून दोन सेकंद गप्प राहा आणि सरळ खाली बस.