चक्रं तोडताना डीएफएसवर विसंबू नका

डीएफएसमध्ये, म्हणजे एका वाटेने शक्य तितकं खोल जाऊन मग मागे फिरणाऱ्या शोधात, चालू वाटेवरच्याच आधीच्या नोडकडे मागे जाणारा प्रत्येक बाण काढला की ग्राफ चक्रमुक्त होतो, हे खरं. पण कमीत कमी बाण काढायचे असतील, तर ही पद्धत फसवी आहे. A→B, B→C, C→A, C→D, D→B हा ग्राफ घ्या. A पासून सुरुवात केलीत, तर C→A आणि D→B असे दोन बाण जातात. प्रत्यक्षात एकच पुरतो.

त्याऐवजी ईड्स, लिन आणि स्मिथ यांची 1993 ची पद्धत वापरा. तिच्यात आपण नोड एका ओळीत लावतो. ज्या नोडमधून बाहेर काहीच जात नाही, तो ओळीच्या उजव्या टोकाकडून ठेवायचा; ज्यात आत काहीच येत नाही, तो डावीकडून. दोन्ही प्रकारचे नोड संपले, की बाहेर जाणारे वजा आत येणारे बाण हा फरक सर्वाधिक असलेला नोड डावीकडे घ्यायचा. प्रत्येक वेळी उचललेला नोड ग्राफमधून काढून उरलेल्यांची मोजणी ताजी करायची, नवशिक्यांकडून नेमकं हेच राहून जातं.

इथे C चा फरक +1, म्हणून तो आधी. मग B मधून बाहेर काही उरत नाही, तो उजवीकडे. ओळ झाली C, A, D, B. उजवीकडून डावीकडे जाणारा उलटा बाण फक्त B→C, तोच काढा.

कमीत कमी बाण शोधण्याचा हा प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे तो नेहमी अचूक आणि झटपट सोडवणारी पद्धत माहीत नाही, त्यामुळे उत्तर नेहमी सर्वोत्तम नसेल. म्हणून काढलेला प्रत्येक बाण एकेक करून परत घालून बघा. चक्र होत नसेल तर तो राहू द्या.