रेस्टॉरंटचा आठवड्याचा ड्युटी चार्ट कसा बनवायचा? ब्रेक शिफ्ट आहे, शनिवार-रविवारी माणसं पुरत नाहीत आणि सोमवारी तीच माणसं नुसती बसून असतात.

मी इंदूरला विजयनगरकडे एका साठ सीटच्या रेस्टॉरंटचा फ्लोअर सांभाळतो, आमच्याकडे पण अगदी हेच होतं. सगळे वेटर रोज ब्रेक शिफ्टला, म्हणजे ११ ते साडेतीन आणि मग साडेसहा ते ११. दिवसाचे ९ तास, सहा दिवसांचे ५४, आणि एवढं करूनही शनिवारी रात्री धावपळ व्हायचीच.

चार्ट माणसांपासून सुरू करू नका, पाळ्यांपासून करा. लंच ही एक पाळी, डिनर ही एक. मागच्या चार आठवड्यांच्या केओटी काढा आणि कुठल्या तासाला किती कव्हर आले ते मांडा. बिलाची वेळ घेऊ नका, बिल जेवण झाल्यावर निघतं त्यामुळे गर्दी तासभर उशिरा दिसते आणि तुम्ही माणूसही तासभर उशिराच बोलवता. रंगपंचमीचा आठवडा किंवा लग्नसराईतल्या मोठ्या पार्ट्या सरासरीत धरू नका, त्यांचा चार्ट वेगळा.

आमच्याकडे एका पाळीला एक वेटर साधारण २०-२५ कव्हर नीट सांभाळतो. त्या हिशोबाने सोम ते गुरू लंचला ३ आणि डिनरला ४ जण लागतात, शुक्रवारी ३ आणि ५, शनिवारी ४ आणि ७, रविवारी ६ आणि ६. बेरीज ५९ पाळ्या. एका पाळीचे साडेचार तास, म्हणजे आठवड्याचे ४८ तास धरले तर एका माणसाच्या दहाच पाळ्या बसतात. त्यामुळे वाटतं की सहा जण पुरे, ६० पाळ्या झाल्या की. पण शनिवारी रात्री सात लागतात, आणि रविवारी सहाच्या सहा जण ब्रेक शिफ्टला अडकतात. बेरीज जुळते पण गर्दीची वेळ सांभाळली जात नाही, बहुतेक लोक इथेच फसतात आणि सातवा माणूस कायमचा ठेवतात, जो मग सोमवारी बसून राहतो.

आम्ही सहाच कायम ठेवले आणि दोन कॉलेजची मुलं फक्त तीन पाळ्यांना घेतली: शनिवार डिनर, रविवार लंच, रविवार डिनर. या सहा पाळ्या गेल्या की कायमच्या लोकांकडे ५३ उरतात. वीकली ऑफ फक्त सोम ते गुरू, सोमवार-मंगळवार दोन-दोन जणांना, बुधवार-गुरुवार एकेकाला. आता ब्रेक मोजा: ऑफ वजा जाता आठवड्याला ३६ हजेऱ्या होतात आणि पाळ्या ५३, म्हणजे फक्त १७ वेळा कुणीतरी दोन्ही पाळ्या करतो. पाच जणांना तीन-तीन ब्रेक, एकाला दोन. आधी प्रत्येकाला सहा होते! तासही चाळीसच्या आसपास येतात, म्हणून कुणी आजारी पडला तर त्याची पाळी दुसऱ्याला द्यायला जागा राहते.

शीटमध्ये प्रत्येक घरात दु, रा, ब्रे किंवा सु लिहा (दुपार, रात्र, ब्रेक, सुट्टी) आणि खाली मोजणी लावा. सहा जणांसाठी, सोमवारच्या लंचची अशी:

```
=COUNTIF(B2:B7,"दु")+COUNTIF(B2:B7,"ब्रे")
```

हा आकडा ३ आला पाहिजे, तसंच डिनरसाठी "दु"च्या जागी "रा" घालून ४. शनिवार-रविवारी त्या दोन मुलांना धरूनच मिळवा.

ब्रेक कुणाला द्यायचा हे मात्र शीट सांगत नाही. आमचा एक मुलगा महूहून यायचा, साडेतीन ते साडेसहात त्याचं घरी जाऊन परत येणं शक्यच नव्हतं, तो स्टोअरमध्ये बटाट्याच्या पोत्यांना टेकून झोपायचा. एकदा म्हणाला, "सर, तीन घंटे कहाँ जाऊँ?" मला ते फार लागलं. तेव्हापासून लांबच्यांना शक्यतो एकच पाळी, ब्रेक जवळ राहणाऱ्यांना. पण लांबच्यांना नुसतं लंचच देत राहिलात तर त्यांची टिप बुडते, कारण टिप रात्रीची मोठी असते, म्हणून त्यांना दोन-तीन नुसत्या डिनर पाळ्याही द्या आणि त्या दिवशी घरी कसं जाणार ते आधी विचारा.

आणि शनिवारी रात्री जो क्लोजिंग करतो त्याला रविवारी लंचला घालू नका. आमच्याकडे शनिवारी आवरायला बारा-साडेबारा होतात, मग तोच मुलगा सकाळी ११ ला टेबल लावायला उभा राहिला की दुपारी ऑर्डर चुकायला लागतात, केओटी कॅन्सल झालेल्या मोजल्या की लगेच कळतं.

चार्ट गुरुवारी संध्याकाळी किचनच्या दाराशी लावतो, पुढच्या सोमवारपासूनचा. अदलाबदल चालते, पण दोघांनी मिळून येऊन सांगायचं आणि मी तिथल्या तिथे पेनाने दुरुस्त करतो, नुसत्या फोनवर ठरलेली धरत नाही.