430 शब्दांचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट 250 मध्ये कसा बसवायचा?

पत्र : मी बेळगावात एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव खानापूर तालुक्यात. मेडिसिन वॉर्डमध्ये आम्ही कॅन्युलामुळे होणारा फ्लेबायटिस कमी करण्याचा प्रोजेक्ट केला. आधीच्या 4 आठवड्यांत 120 पैकी 30 कॅन्युलांना फ्लेबायटिस झाला होता. मग स्टाफचं ट्रेनिंग घेतलं आणि दोन आठवड्यांनी ड्रेसिंगवर तारीख-वेळेचं लेबल व दर शिफ्टला तपासणीचा तक्ता सुरू केला. ट्रेनिंगपासूनच्या 8 आठवड्यांत 250 पैकी 30 झाले. कॉन्फरन्सला 250 शब्दांची मर्यादा आहे, माझा इंग्रजी अ‍ॅबस्ट्रॅक्ट 430 शब्दांचा झालाय. सगळंच महत्त्वाचं वाटतं, काय काढू? मसुदा आणि आठवडावार तक्ता जोडलाय. सीव्हीत हे कसं लिहायचं तेही सांगा.

उत्तर :

तुमचा मसुदा वाचला आणि मग तक्ता पाहिला. खरी गोष्ट तक्त्यात आहे, मसुद्यात ती आलेलीच नाही. म्हणून शब्द कापण्याआधी तक्त्याकडे वळू.

मसुद्यात निकाल एका वाक्यात आहे: फ्लेबायटिस 25 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आला, म्हणजे 52 टक्के घट. गणित बरोबर आहे, पण आठही आठवड्यांची एकत्र मोट बांधल्यामुळे महत्त्वाचं तेच झाकलं गेलंय. तुमच्या तक्त्यात पाचव्या आठवड्यात 32 पैकी 7 आणि सहाव्यात 30 पैकी 8 कॅन्युलांना फ्लेबायटिस झाला. या दोन आठवड्यांत फक्त ट्रेनिंग झालं होतं. दोन्ही मिळून 62 पैकी 15, म्हणजे 24 टक्के. पूर्वी 25 होते, म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. सातव्या आठवड्यात लेबल आणि तपासणीचा तक्ता आला, आणि पुढच्या सहा आठवड्यांत 188 पैकी 15, म्हणजे 8 टक्के.

तुमच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टचा विषय हाच आहे: ट्रेनिंगने आकडा हलला नाही, लेबल आणि तपासणी आल्यावर हलला. दुसऱ्या रुग्णालयातली वॉर्ड इन्चार्ज हे वाचून सोमवारी सकाळी काय करायचं ते ठरवू शकते. '52 टक्के घट' वाचून तिला काहीच ठरवता येत नाही. शिवाय एकत्र सरासरी काढून तुम्ही स्वतःचाच निकाल फिका केला आहे. आता प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे वाक्य या गोष्टीला लागतं का? नसेल लागत, तर ते कितीही खरं असलं तरी जाऊ द्या.

सर्वात जास्त जागा खाल्ली आहे ती पार्श्वभूमीने, जवळजवळ दीडशे शब्द. हे का होतं तेही सांगते. राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या सिनॉप्सिसमध्ये 'नीड फॉर द स्टडी' आणि पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा विस्ताराने लिहावा लागतो, आणि हात तिथे बसलेला असतो. सिनॉप्सिस वाचणाऱ्याला विषय पटवायचा असतो. गुणवत्ता प्रकल्पाचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट तपासणाऱ्याला फ्लेबायटिस म्हणजे काय हे ठाऊक असतं, त्याला तुमच्या वॉर्डची अडचण हवी असते. 'शिरेतून औषध देणे ही जगभर सर्वाधिक केली जाणारी प्रक्रिया आहे' इथपासूनचा पूर्ण परिच्छेद काढा आणि एवढंच ठेवा: 'आमच्या मेडिसिन वॉर्डमध्ये चार आठवड्यांत 120 पैकी 30 कॅन्युलांना फ्लेबायटिस झाला. कॅन्युला कधी लावली हे ड्रेसिंगवर लिहिलेलं नसे.' दुसरं वाक्य फार कामाचं आहे, कारण लेबल का सुचलं ते त्यातून कळतं.

250 शब्दांची वाटणी मी अशी करीन: पार्श्वभूमीला 40, उद्देशाला 25, पद्धतीला 80, निकालाला 75, निष्कर्षाला 30. आधी निकाल लिहा, मग पद्धत, आणि पार्श्वभूमी सर्वात शेवटी. सुरुवातीपासून लिहीत गेलं की निकालाला उरलेसुरले शब्द मिळतात.

उद्देशाबद्दल एक इशारा. चांगल्या उद्देशात किती, कुठे आणि कधीपर्यंत हे असतं, हे खरं. पण मसुद्यात नुसतं 'फ्लेबायटिस कमी करणे' आहे. प्रोजेक्ट सुरू करताना तुम्ही गाइडना दिलेला कागद काढून बघा. त्यात लक्ष्याचा आकडा असेल तर तोच लिहा. नसेल तर निकाल हातात आल्यावर '10 टक्क्यांखाली आणणे' असं लक्ष्य मागाहून चिकटवू नका.

पद्धतीत तीन गोष्टी गाळता येत नाहीत. पहिली, फ्लेबायटिस कशाला म्हटलं. तुम्ही व्हीआयपी स्कोअर 2 किंवा त्याहून जास्त धरला आहे, म्हणजे जागेवर दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन लक्षणं. 'व्हीआयपी स्कोअर 2 किंवा अधिक' एवढं पुरे, पूर्ण कोष्टक समजावू नका. दुसरी, मोजलं काय: रुग्ण की कॅन्युला? मसुद्यात एका ठिकाणी '120 रुग्ण' आणि दुसऱ्या ठिकाणी '120 कॅन्युला' आहे. एका रुग्णाला दोनदा कॅन्युला लागली तर हे आकडे वेगळे होतात, आणि तपासणाऱ्याची नजर अशा विसंगतीवर पहिल्यांदा जाते. तक्त्यात कॅन्युला मोजल्या आहेत, म्हणून शेवटपर्यंत 'कॅन्युला' हाच शब्द राहू द्या. तिसरी, बदल कोणत्या क्रमाने केले. 'प्लॅन-डू-स्टडी-अ‍ॅक्ट पद्धत वापरली' या वाक्यातून काहीच कळत नाही. 'पहिली फेरी (आठवडे 5-6): ट्रेनिंग. दुसरी फेरी (आठवडे 7-12): ड्रेसिंगवर तारीख-वेळेचं लेबल आणि दर शिफ्टला व्हीआयपी नोंद' असं लिहिलं की पद्धतीचं नाव न घेताही ती दिसते.

मसुद्यात शेवटी, जवळजवळ सहज, तुम्ही लिहिलंय की दुखतंय का हा प्रश्न कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत तक्त्यावर छापला होता. हे वर पद्धतीत आणा. व्हीआयपी स्कोअरमधलं दुखणं रुग्णाच्या तोंडूनच कळतं. आपल्या सीमाभागातल्या वॉर्डात एका खाटेवर खानापूरचा मराठी माणूस आणि शेजारच्या खाटेवर गोकाकचा कन्नड माणूस असतो. प्रश्न एकाच भाषेत विचारला तर दुसऱ्याचं दुखणं नोंदलंच जात नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. तुमचा आकडा तसा कमी झालेला नाही, हे त्या सहा-सात शब्दांनी कळतं. इतक्या स्वस्तात इतकं मोठं काम क्वचित होतं.

आता निकाल. मी तो असा लिहीन:

'बेसलाइनला 120 पैकी 30 कॅन्युलांना (25%) फ्लेबायटिस झाला. फक्त ट्रेनिंगच्या दोन आठवड्यांत 62 पैकी 15 (24%). लेबल व तपासणीच्या सहा आठवड्यांत 188 पैकी 15 (8%). या काळात 160 कॅन्युलांवर (85%) पूर्ण भरलेलं लेबल होतं. हे सहाही आठवडे बेसलाइनच्या मध्यकाखाली राहिले.'

प्रत्येक टक्केवारीमागे मूळ आकडे आहेत, ते शब्द वाचवायच्या नादात कापू नका. चौथं वाक्य तुमच्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यातून घेतलंय. लेबल लावायचं ठरलं आणि ते खरंच लागलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा पुरावा मसुद्यात नव्हता. शेवटचं वाक्य रन चार्टच्या नियमावर उभं आहे: सलग सहा किंवा अधिक बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला आले तर तो बदल योगायोगाचा मानत नाहीत. तुमचा मध्यक 25 टक्के आहे आणि बिंदू बरोबर सहा आहेत, म्हणजे नियम जेमतेम पुरा होतो. बेसलाइनही चारच आठवड्यांची, म्हणजे तोकडी आहे. मुदतीला वेळ असेल तर आणखी दोन-तीन आठवड्यांचे आकडे घ्या, पूर्वीचे मात्र आठवणीने भरू नका.

एक आकडा अजून शोधायला हवा. फ्लेबायटिस कमी झाला, पण कॅन्युला घाईने काढून रुग्णांना जास्त वेळा टोचलं गेलं का? बेसलाइनला आठवड्याला 30 कॅन्युला लागत होत्या, नंतर साधारण 31. वरवर वाढ नाही. पण त्या आठवड्यांत रुग्णच कमी असतील तर टोचणं वाढलेलं असू शकतं. अ‍ॅडमिशन रजिस्टरमधून रुग्णसंख्या काढा आणि दर रुग्णामागे किती कॅन्युला लागल्या ते एका वाक्यात द्या. त्या वाक्यासाठी निकालात जागा राहते.

निष्कर्षात 'लेबलमुळे फ्लेबायटिस कमी झाला' असं म्हणू नका. तुलनेला दुसरा वॉर्ड नव्हता, आणि लेबल व तपासणी एकदमच सुरू झाल्याने दोहोंतलं कोणतं लागू पडलं तेही सांगता येणार नाही. 'ट्रेनिंगनंतर फरक दिसला नाही, लेबल व तपासणी सुरू केल्यानंतर घट दिसली. बेसलाइन लहान, एकच वॉर्ड' एवढंच म्हणा. 'भविष्यात मोठ्या अभ्यासाची गरज आहे' हे वाक्य काढलंत तर कुणालाही चुकल्यासारखं वाटणार नाही.

इतकं केल्यावरही इंग्रजी मसुदा 270-280 च्या आसपास थांबेल. उरलेले शब्द बहुधा क्रियापदांत अडकलेले असतात. मराठीत 'ट्रेनिंग घेण्यात आलं' असं मनात येतं आणि इंग्रजीत त्याची लांबण होते. 'आम्ही 18 नर्सेसना शिकवलं' अशी सरळ क्रियापदं वापरा (आकडा तुमचा खरा घाला). '12 %' हे दोन शब्द मोजले जातात, '12%' हा एक. तीच गोष्ट 'n = 120' आणि 'n=120' ची. पण शब्द एकमेकांना चिकटवून मर्यादा चुकवू नका, ते लगेच दिसतं.

सूचनापत्रात तीन गोष्टी शोधा: मर्यादा शब्दांची आहे की स्पेससकट अक्षरांची, शीर्षक आणि उपशीर्षकं मोजतात का, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये संस्थेचं नाव चालतं का. नाव चालत नसेल तर 'उत्तर कर्नाटकातील अध्यापन रुग्णालय' असं लिहा. मजकूर साध्या टेक्स्टमध्ये पेस्ट करा, कारण वर्डमधली ≥ किंवा ± सारखी चिन्हं कधीकधी पोर्टलवर चौकोन होऊन बसतात. शेवटी पोर्टलचाच आकडा धरा आणि पाच-सहा शब्द हातचे राखा. संस्थेच्या एथिक्स कमिटीचं मंजुरीचं किंवा सूट दिल्याचं पत्र आधीच हाताशी ठेवा. काही पोर्टल त्याचा क्रमांक भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकू देत नाहीत.

सीव्हीचं म्हणाल तर नुसता पाठवलेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट त्यात घालू नका. स्वीकारला गेला की 'स्वीकृत', सादर झाल्यावर 'पोस्टर सादर' किंवा 'तोंडी सादर' असं, वर्ष आणि लेखकांच्या क्रमासह लिहा. सहा आठवडे लेबलं भरून घेणाऱ्या वॉर्ड इन्चार्ज सिस्टरचं नाव सहलेखकांत घालायचं असेल तर गाइडशी आजच बोला. ज्यांची नावं असतील त्या सगळ्यांनी अंतिम मसुदा वाचून होकार दिल्याशिवाय सबमिट दाबू नका. नाइट ड्यूटीवरच्या माणसाचा होकार मिळायला दोन दिवस सहज जातात, तेवढे मुदतीतून आधीच वजा करा.