आजीच्या वाढदिवसाचा मेसेज, व्याकरण तपासून द्याल का?

"आजीच्या वाढदिवसाला कार्डवर हे लिहायचंय, चुका काढून द्या पण माया तशीच राहू दे: आजी तुम्हाला वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा. तु आमच्या घराची आधार आहे. तुमच्या हाताची खतखते आणि तुझा आर्शिवाद मला नेहमी पाहीजे. आई सातेरी तुला खुप आयुष्य देवो."

पहिल्यांदा तू की तुम्ही ते ठरव, कारण चार ओळींत दोन्ही आलंय आणि वाचताना तेच सगळ्यात जास्त टोचतं. घरात समोर बसून तिला जे म्हणतेस तेच कार्डवर. आमच्या फोंड्याकडे बहुतेक घरांत आजीला तूच म्हणतात, मी तेच धरलंय.

आता तू आलं की क्रियापद 'आहेस', 'आहे' नाही. हा स आपल्याकडच्यांचा हमखास सुटतो कारण कोंकणीत 'तूं आसा' आणि 'तो आसा' दोन्हीकडे आसाच, त्यामुळे मराठी लिहितानाही कानाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. 'घराची आधार' कशामुळे झालं तेही कळतंय, आजी बाई म्हणून तू ची लावलंस, पण चा-ची-चे पुढच्या शब्दाकडे बघून लागतं आणि आधार पुल्लिंगी, म्हणून घराचा आधार. तसंच खतखतं नपुंसक, आणि रांधलेल्या पदार्थाला आपण 'हातचं' म्हणतो, हाताचं नाही.

खतखतं आणि आशीर्वाद अशा दोन गोष्टी मागतेयस म्हणून शेवटी 'पाहिजेत'. इथे 'हवा' लिहिलं असतंस तर हवा, हवं की हवेत असा घोळ झाला असता, पाहिजेतला लिंगाची भानगडच नाही, तू निवडलेला शब्दच बरा आहे.

स्पेलिंगचं थोडक्यात: तू आणि खूप दीर्घ, हार्दिक आणि पाहिजे यांत ह्रस्व. आशीर्वादात शी दीर्घ, आणि रफार वा वर, कारण र चा उच्चार वा च्या लगेच आधी होतो, आशीर्-वाद असं तोडून म्हणून बघ.

सातेरीची ओळ मात्र मी हलवणार नाही. 'दीर्घायुरारोग्य लाभो' वगैरे कोणी सुचवलं तरी घालू नकोस प्लीज, ते कुणाच्याही आजीला चालतं, आणि 'देवो' हे रूप तू बरोबरच लिहिलंयस. तर असं:

आजी, तुला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तू आमच्या घराचा आधार आहेस. तुझ्या हातचं खतखतं आणि तुझा आशीर्वाद मला नेहमी पाहिजेत. आई सातेरी तुला खूप आयुष्य देवो.

आजीनंतरचा स्वल्पविराम विसरू नकोस, हाक मारून आपण जरा थांबतो ना, तो तेवढ्यासाठी. आणि तिची नजर कमी झाली असेल तर अक्षर मोठं काढ.